हायवेवरच्या होर्डिंगसाठी अक्षर किती मोठं? आमच्या खानावळीच्या बोर्डाचा अनुभव

लांजा आणि राजापूरच्या मधे मुंबई-गोवा महामार्गापासून थोडं आत माझ्या आतेभावाची खानावळ आहे. हायवेला लागून त्याची स्वतःची जागा होती, तिथे हद्द सोडून २० बाय १० फुटांचं होर्डिंग लावायचं ठरलं. फ्लेक्सचं डिझाइन माझं कामच, त्यामुळे ते माझ्याकडे आलं. वहिनीने मजकूर लिहून दिला: खानावळीचं नाव, 'शाकाहारी व मांसाहारी घरगुती जेवण', ताजे मासे, सोलकढी, राहण्याची सोय, कोकम आगळ व काजूगर मिळतील, दादाचं नाव, दोन मोबाईल नंबर. सगळं मिळून पंचवीसच्या वर शब्द. बोर्डात ते बसलं असतं, पण गाडीतल्या माणसाच्या नजरेत बसतं का, हे रस्त्यावर जाऊनच ठरवायचं होतं.

म्हणून कॉम्प्युटर उघडण्याआधी मी आणि दादा जागेवर गेलो. मुद्दाम भाद्रपदात गेलो, कारण मे महिन्यात जो बोर्ड मोकळा दिसतो त्याचा खालचा भाग पावसाळ्यात रानाने झाकला जातो. दादा बोर्डाच्या जागी बांबूला पांढरं कापड बांधून उभा राहिला आणि मी मुंबईच्या बाजूने चालत आलो. आमच्याकडचा रस्ता वळणांचा, दोन्ही बाजूंना जांभ्याची कापलेली दरड. वळण संपून कापड पहिल्यांदा पूर्ण दिसलं तिथे खूण केली आणि टेपने अंतर मोजलं, १२० मीटर भरलं. म्हणजे सुमारे ४०० फूट.

हे झालं लांबचं टोक. जवळचंही एक टोक असतं, ते बरेच जण विसरतात. बोर्ड रस्त्याच्या कडेला असल्याने गाडी जवळ येते तसा तो समोरून बाजूला सरकतो. चालवणाऱ्याची नजर समोरच्या रेषेपासून साधारण १५ अंशांपलीकडे वळावी लागली की तो बोर्ड सोडून देतो. आमच्या बोर्डाचा मध्य गाडीच्या रेषेपासून १० मीटर बाजूला येत होता, म्हणजे शेवटचे सुमारे ४० मीटर वाया. वाचायला उरले ८० मीटर. त्या पट्ट्यात गाड्या साधारण ताशी ६० किलोमीटरने येतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. हातात आले पाच सेकंदांहून थोडे कमी.

हे पाच सेकंदही पूर्ण आपले नसतात. समोर ट्रक आहे, खड्डा आहे. चालवणारा एखाद्या सेकंदाची नजर टाकतो, रस्त्याकडे बघतो, जमलं तर पुन्हा एकदा बघतो. एका नजरेत ओळखीचे तीन-चार छोटे शब्द जातात. होर्डिंगवाले सात शब्दांची मर्यादा सांगतात ती या हिशोबाशी जुळते, आणि मी तर सातलाही भरलेला बोर्ड समजतो.

आता अक्षराची उंची. धंद्यातला ठोकताळा असा, की दर १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर ठसठशीत दिसतं आणि दर ३० फुटांना १ इंच ही कशीबशी वाचता येण्याची हद्द. ४०० फुटांना हे अनुक्रमे ४० आणि १३ इंच होतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्याचा हिशोब लावला तर निकोप नजरेला १२० मीटरवरून ७ इंचांचं अक्षरही ओळखता येतं. पण तो तक्ता स्थिर बसून, उजेडात, वेळ घेऊन वाचायचा असतो.

शिवाय हे ठोकताळे इंग्रजी कॅपिटल अक्षरांचे आहेत. मराठी ओळीची उंची मोजताना वेलांटी, मात्रा आणि उकार धरून मोजलं तर फसगत होते. डोळा अक्षर ओळखतो ते शिरोरेघेपासून खालच्या टोकापर्यंतच्या अंगावरून, आणि ते अंग ओळीच्या पूर्ण उंचीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच असतं. त्या अंगात गाठी आणि पोकळ्याही जास्त. 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक शिरोरेघेच्या एवढ्याशा तुकड्याचा, तोच लांबून आधी पुसला जातो. म्हणून मी १३ इंचांवर समाधान न मानता मुख्य ओळीचं अंग २४ इंच धरलं. वेलांटी-उकारासह ती ओळ ४० इंचांची झाली. दुसऱ्या ओळीचं अंग १८ इंच, पूर्ण उंची ३०. बोर्ड १२० इंच उंच. वर-खाली फूटभर कोरा आणि दोन ओळींत नीट अंतर ठेवल्यावर तिसऱ्या ओळीला जागाच राहिली नाही.

मग उरला मजकूर. वरच्या ओळीत 'घरगुती जेवण'. खालच्या ओळीत माशाची आकृती, '५०० मी.' आणि डावीकडे बाण. बस्स.

वहिनीला हे पटेना. "नावच नाही? मग लोकांना कळणार कसं, कोणाकडे यायचं ते?"

मी म्हटलं, "वहिनी, साठच्या वेगातल्या माणसाला आधी जेवण कुठे ते हवं असतं. नाव तो गाडी वळवल्यावर वाचेल."

नुसत्या बोलण्यावर तिने विश्वास ठेवावा असं मलाही वाटत नव्हतं. म्हणून तिचा मजकूर आणि माझा मजकूर, दोन्ही अर्ध्या इंचाला एक फूट या प्रमाणात छापले. २० बाय १० फुटांचा बोर्ड १० बाय ५ इंचांचा होतो आणि साध्या ए-फोर कागदावर मावतो. प्रमाण १ ला २४, म्हणून १२० मीटरच्या जागी ५ मीटर. ओटीवर ५ मीटरवर शेजारच्या काकूंना उभं केलं, कागद एक सेकंद दाखवून पालथा घातला. वहिनीच्या कागदातलं त्यांना 'मासे' तेवढं सांगता आलं. दुसऱ्या कागदावरचं सगळं सांगितलं, बाणाची बाजूसुद्धा. मग वहिनीच म्हणाली, "बरं, तसंच कर."

याच कागदाने आणखी एक गोष्ट दाखवली. मी आधी घेतलेला फॉन्ट फार जाड होता, त्यात 'घ'ची पोकळी ५ मीटरवरून बुजत होती. रेघेची जाडी अंगाच्या सहाव्या हिश्शावर, म्हणजे ४ इंचांवर आणली तेव्हा अक्षर उघडं झालं. रंग पिवळ्यावर काळा. हिरव्या रानात आणि तांबड्या दरडीत तो दोन्हीकडे उठून दिसतो.

नाव, नंबर, सोलकढी, आगळ हे सगळं वळणावरच्या छोट्या पाटीवर गेलं. तिथे गाडीचा वेग पडलेला असतो आणि पाटी २० मीटरवरून वाचली जाते, त्यामुळे ६ इंचांचं अंगही भरपूर होतं.

गोव्याकडून येणाऱ्यांसाठी वेगळा बोर्ड करावा लागला. त्या बाजूने वळण जवळ आहे, बोर्ड ७० मीटरवरून दिसायला लागतो. दादाचं म्हणणं पडलं, की अंतर कमी म्हणजे अक्षर लहान चालेल, मग जास्त मजकूर घालू. अक्षर लहान चाललं असतं हे खरं. पण ७० मधून शेवटचे ४० गेले की उरतात ३० मीटर, म्हणजे दोन सेकंदही नाहीत. अक्षराची उंची अंतर ठरवतं, शब्दांची संख्या वेळ ठरवतो. तिथे एकच नजर मिळते. म्हणून १० बाय ८ फुटांच्या त्या बोर्डावर 'जेवण' आणि उजवीकडचा बाण एवढंच आहे.