मेणबत्तीसोबत द्यायचं कार्ड कसं तयार झालं, माझा अनुभव

मी लातूरला घरीच सोया वॅक्सच्या सुगंधी मेणबत्त्या बनवते, काचेच्या जारमधल्या. ऑर्डरसोबत मेणबत्ती कशी लावायची, कशी जपायची हे सांगणारं एक छोटं कार्ड द्यायचं ठरलं तेव्हा नेटवर मिळणारे नमुने बघितले, पण ते सगळे थंड देशातल्या घरांसाठी लिहिल्यासारखे, त्यात आपला सीलिंग फॅन नाही, मे महिना नाही आणि लाईट जाणं तर नाहीच नाही. म्हणलं आपणच लिहावं.

सुरुवात एका फोटोने झाली. परभणीच्या एका ताईंनी 7 सेंटीमीटर रुंदीच्या जारचा फोटो पाठवला, मधोमध खोल खड्डा, त्याच्या तळाशी वात आणि कडेनं सगळं मेण जसंच्या तसं उभं. "बाजूचं जळतच नाही की हो, मेण खराब आहे का?" मी विचारलं कधी लावता, तर म्हणल्या लाईट गेली की लावते, आली की विझवते, वीस-पंचवीस मिनिटं जळत असंल. तिथंच सगळं कळलं.

होतं असं, की सोया वॅक्स हळूहळू वितळतं, वातीभोवती आधी छोटं तळं होतं आणि ते कडेकडे पसरत जातं, आणि ते जिथपर्यंत गेलं तिथंच तुम्ही विझवलं की पुढच्या वेळी ज्योत आधी तेवढाच भाग वितळवते कारण तिथं मेण आधीच खाली बसलेलं असतं. प्रत्येक वेळी ज्योत अजून खाली जाते, कडेची भिंत उंच होत जाते आणि शेवटी वात त्या विहिरीत बुडून विझायला लागते. म्हणून पहिल्यांदा लावली की वितळलेलं मेण चारही बाजूंनी काचेला टेकेपर्यंत विझवायची नाही. जारच्या रुंदीच्या दर इंचाला साधारण एक तास असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे माझ्या 7 सेंटीमीटरच्या जारला अडीच ते तीन तास. आणि 4 तासांच्या वर एका वेळी जाळायची नाही, वातीच्या टोकाला काजळीचा गड्डा जमतो, ज्योत मोठी होते आणि काच फार तापते.

त्या ताईंचा जार वाचला. जारच्या तोंडावर फॉईल गुंडाळून घ्यायला सांगितली, मध्ये गोल भोक मोकळं ठेवून, म्हणजे उष्णता कडेला अडते आणि भिंत वितळते. तास-दीड तास लागला, मी त्यांना समोर बसून बघत राहायला सांगितलं होतं आणि फॉईल काढताना हातात जाड कपडा, ती चांगलीच तापलेली असते. हे मात्र मी कार्डावर मुद्दाम छापलं नाही, फोनवर सांगते, कारण पेटत्या ज्योतीजवळ फॉईल लावायची गोष्ट दोन ओळींत वाचून कुणी करू नये असं माझं मत आहे.

तर कार्डाची पहिलीच ओळ झाली "लाईट गेल्यावर पहिल्यांदा लावू नका, निवांत तीन तास हातात असतील तेव्हा लावा". बहिणीला हे विचित्र वाटलं, म्हणे मेणबत्ती विकतेस आणि लावू नका म्हणतेस! पण आपल्याकडं मेणबत्ती म्हणलं की डोक्यात तेच येतं ना.

दुसरी अडचण पंख्याची. पंख्याच्या वाऱ्यात ज्योत एका बाजूला झुकते, तिकडचं मेण खोल वितळतं, दुसरीकडचं तसंच राहतं, वर काचेला काळा पट्टा पडतो. आता तीन तास पंखा बंद करून बसा असं उन्हाळ्यात कुणाला सांगणार, कार्डच फेकून देतील. मग घरी वेगवेगळ्या जागी ठेवून बघितलं तर खोलीच्या कोपऱ्यात, पंख्याचा झोत थेट येत नाही अशा टेबलावर, पंखा कमी स्पीडवर असताना ज्योत बऱ्यापैकी सरळ राहिली. तेच लिहिलं, ज्योत सरळ उभी दिसली पाहिजे, जागा त्या हिशोबानं शोधा, पण पडद्यापासून लांब आणि आपल्या नजरेसमोर. कूलरच्या समोर तर अजिबात नाही.

वातीचं सांगणं सोपं वाटलं होतं, तसं नव्हतं. दर वेळी लावायच्या आधी, मेण पूर्ण थंड असताना, वात 5 मिलिमीटर ठेवून वरचं कापायचं. कार्डाचा मजकूर मी आईला वाचायला दिला, ती म्हणली "पाच मिलिमीटर म्हणजे किती गं?" बरोबरच आहे, स्वयंपाकघरात कोण पट्टी घेऊन बसतं! मग कार्डाच्या कडेला बरोबर 5 मिलिमीटरची एक जाड रेघ छापायची ठरवली, वातीशेजारी कार्ड धरा आणि बघा. गंजगोलाईजवळच्या प्रेसवाल्याला दोनदा बजावलं की फाईल पेजला फिट करू नका, मूळ साईजवरच छापा, नाहीतर रेघ लहान-मोठी होते, आणि सॅम्पल आल्यावर पट्टी लावून मोजली.

आईनं अजून एक गोष्ट दाखवली. समईची वात आपण पुढं सारतो तशी तिनं जारमधली वात वर ओढायला घेतली. ही वात तळाशी पत्र्याच्या छोट्या चकतीत बसवलेली असते, ओढली की चकती तळापासून सुटू शकते आणि मग वात वाकडी. म्हणून "वात ओढू नका, फक्त कापा" ही ओळ वाढली. कापायला जार भरलेला असताना नेलकटर चालतं, मेण खाली गेल्यावर लांब टोकाची कात्री लागते. कापलेला काळा तुकडा मेणात पडू द्यायचा नाही. आणि फार आखूडही नको, ज्योत बारीक होते, वात मेणात बुडते आणि परत तोच खड्डा.

ठेवण्याचं थोडक्यात लिहिलं. सोया वॅक्स साधारण 50 अंशाच्या आसपास वितळतं, पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच 42-43 अंश असतं, तर पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत विचारूच नका. झाकण लावून, अंधाऱ्या कपाटात, खालच्या कप्प्यात. फ्रीजमध्ये नको, मेण काचेपासून सुटतं नाहीतर तडकतं. वर तेलाचे थेंब दिसले तर तो सुगंधाचा तेलकटपणा आहे, टिश्यूनं टिपून घ्या, मग लावा. तळाला 1 सेंटीमीटर मेण उरलं की मात्र थांबायचं, त्याखाली ज्योत गेली तर काच तडकू शकते.

कार्ड मॅट कागदावर घेतलं, चकचकीत कागदावर बॉलपेन नीट उठत नाही आणि मला जारच्या साईजप्रमाणे पहिल्या वेळचे तास हातानं भरायचे असतात. शेवटी एक ओळ ठेवलीये: "4 तासांनीही मेण कडेपर्यंत वितळलं नाही तर फोटो पाठवा". वारा नसताना, वात नीट असताना असं झालं तर बहुतेक त्या जारला वातच बारीक बसलीये, म्हणजे ते दुरुस्त करणं माझं काम, गिऱ्हाइकाचं नाही.

दिवाळीसाठी 10 सेंटीमीटरचे दोन वातींचे जार करायलेय, त्यांच्या कार्डावर दोन्ही वाती एकदमच लावा हे वाढवायचंय.