एसीतली थंडी आणि बाहेरचं ऊन: थर्मल घेताना

"दादा, ऑफिसात एसीनं कुडकुडायला होतं आणि बाहेर पडलं की घामाच्या धारा, मग आतून थर्मल कुठलं घालू?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीत माझं होजिअरीचं दुकान आहे, आणि असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, थंडी ऑफिसला पोचल्या पोचल्या वाजते की दुपारी? कारण पोचल्या पोचल्या वाजणारी थंडी निम्मी एसीची नसतेच, ती अंगावरच्या ओल्या बनियनची असते. सुती कापड घाम पिऊन बसतं, लवकर वाळत नाही, आणि वरून एसीचा वारा लागला की तो घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो.

मिरजेहून स्कूटीवर विश्रामबागला कामाला येणाऱ्या एक ताई आहेत, टेबल बरोब्बर एसीच्या झोताखाली. त्यांनी कुठूनतरी आतून लव असलेलं जाड थर्मल घेतलं आणि मे महिन्यात घरूनच घालून निघायला लागल्या, ऑफिसात येईपर्यंत ते चिंब, आणि मग तासभर आणखीनच थंडी. जाड लव हवा धरून ऊब देते हो, पण कोरडी असली तरच.

त्यांना मी सांगितलं, येताना साधी सुती स्लिप घाला, पोचल्यावर वॉशरूममध्ये ती काढून पाठ आणि काखा नॅपकिननं पुसा, मग ड्रॉवरमधलं कोरडं, पातळ थर्मल घाला, आणि संध्याकाळी निघायच्या आधी आठवणीनं काढा. आता त्यांचं बरं चाललंय.

घेताना पातळच घ्या, लव नसलेलं, अर्ध्या बाहीचं, गळा खोल म्हणजे शर्ट किंवा कुर्तीतून डोकावत नाही. अंगाला लागून बसलं पाहिजे पण काखेत आवळता कामा नये, दुकानातच हात वर करून बघा, तिथं ओढ बसली तर एक साईझ मोठी घ्या.

आणि ज्यांना बदलायला जागाच नाही, त्यांनी लेबलवर कॉटन जास्त असलेलं थर्मल घेऊच नका. पातळ पॉलिएस्टरचं बिनबाहीचं घ्या, ते घाम फार धरत नाही, लवकर वाळतं. त्याचा एक तोटा, वास लवकर येतो, म्हणून रोज धुवावंच लागतं, दोन तरी जोड हवेत. मेरिनो लोकरीचं पातळ मिळालं तर उत्तम, वास कमी आणि ओलं झालं तरी तेवढं गार लागत नाही, पण महाग पडतं.

धुताना एवढंच बघा, कम्फर्टसारखं सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड घाम ओढायचं कमी करतं. साध्या पावडरनं धुवा, लोकरीचं मात्र लोकरीच्या सौम्य लिक्विडनं, पिळू नका, सावलीत वाळवा.