सात आलं, पण सातात काय आहे?

“मॅडम, रेणुसूत्रावरून डीबीई, म्हणजे रेणूतल्या रिंगा आणि जादा बंध यांचा एकूण आकडा काढताना नायट्रोजन असला तर मिळवायचा आणि क्लोरीन असला तर वजा करायचा, हे पाठ आहे. पण का? आणि एवढं करून क्लोरोक्वीनचं ‘सात’ उत्तर आलं, तर त्यातून रचनेबद्दल नेमकं काय कळतं?”

तुम्ही विचारलंत म्हणून क्लोरोक्वीनच घेते. मलेरियाची ही कडू गोळी आपल्याकडे बहुतेक घरांना माहीत आहे. १९३४ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हान्स आंडरझाग यांनी हा रेणू पहिल्यांदा बनवला. त्याचं सूत्र C₁₈H₂₆ClN₃. नायट्रोजनही आहे, हॅलोजनही आहे.

आधी ‘का’ बघू. नुसत्या कार्बनची उघडी साखळी असेल आणि सगळे बंध एकेरी असतील, तर प्रत्येक कार्बनवर दोन हायड्रोजन आणि दोन टोकांना एकेक जास्तीचा, म्हणजे एकूण 2C + 2 बसतात. ही हायड्रोजनची कमाल मर्यादा. साखळीची टोकं जोडून रिंग केली की दोन हायड्रोजन जातात. दुहेरी बंध केला तरी दोनच जातात, तिहेरीला चार. म्हणून मर्यादेपेक्षा किती हायड्रोजन कमी आहेत ते बघायचं आणि दोनने भागायचं.

आता संयुजांना हात म्हणा. क्लोरीनला एकच हात. तो हायड्रोजनच्याच जागी बसतो, म्हणून त्याला हायड्रोजनमध्येच मोजायचं, आणि हायड्रोजन वजा होतो तसा तोही होतो. ऑक्सिजनला दोन हात. साखळीत मधे शिरला की दोन्ही दोन बाजूंना गुंतले, हायड्रोजनचा हिशेब होता तसाच. नायट्रोजनला तीन. दोन साखळीत गुंतले तरी तिसरा मोकळा राहतो आणि एक हायड्रोजन जास्त धरतो. मिथेन CH₄, पण मिथिलअमीन CH₅N, आणि दोन्ही पूर्ण संतृप्त. म्हणजे नायट्रोजन मिळवतो तो असंतृप्तता वाढवतो म्हणून नाही, मर्यादाच एकाने वर सरकवतो म्हणून. एवढं डोक्यात बसलं की चिन्हं पाठ करावी लागत नाहीत. X म्हणजे क्लोरीनसारखे हॅलोजन:

```
DBE = (2C + 2 + N − H − X) / 2
```

क्लोरोक्वीनसाठी ३६ + २ + ३ − २६ − १ = १४, आणि त्याचे निम्मे ७.

सात म्हणजे रिंगा आणि π बंध मिळून सात; दुहेरी बंधात π बंध एक, तिहेरीत दोन. कोणते किती, हे सूत्र सांगत नाही. चार किंवा जास्त आलं की मुलं लगेच बेंझिन काढून मोकळी होतात. अंदाज बरेचदा बरोबर निघतो, पण तो अंदाजच असतो. या सूत्रात ऑक्सिजन नाही, म्हणून कार्बोनिल नाही, एवढी एक वाट बंद. पण एक बेंझिन (चार), एक नायट्राइल (दोन) आणि एक संतृप्त रिंग मिळूनही सातच होतात. आयआरमध्ये २२०० ते २२६० सेमी⁻¹ च्या पट्ट्यात काही दिसत नसेल, तर नायट्राइल असण्याची शक्यता फारच कमी. त्यांचे पट्टे कधी कधी फिके असतात म्हणून ‘अशक्य’ म्हणत नाही.

मला खरी गंमत वाटते ती पुढच्या पायरीत. कार्बन एनएमआरमध्ये साधारण १०० ते १५० पीपीएमच्या भागात नऊ कार्बन दिसतात. नऊ, म्हणजे विषम. दुहेरी बंधाला दोन टोकं लागतात, तेव्हा नऊ कार्बन आपापसांत जोड्या लावून संपूच शकत नाहीत. एक उरतोच. त्याचा जोडीदार ऑक्सिजन असू शकत नाही, कारण ऑक्सिजनच नाही. मग तो नायट्रोजन. कुठेतरी C=N आहे, हे एवढ्यावरच कळलं. असा नायट्रोजन एकच धरला, तर नऊ कार्बन आणि तो मिळून दहा टोकं, म्हणजे पाच दुहेरी बंध. सातातून पाच गेले, उरल्या दोन रिंगा. हिशेब तिथेच पुरा झाला. बाकीचे नऊ कार्बन आणि दोन नायट्रोजन यांच्या वाट्याला दुहेरी बंध नाही, आणि दोन्ही रिंगा या दहा अणूंच्याच असतील तर रिंगही नाही. मग बाजूची साखळी उघडी आणि संतृप्तच असणार. आहेही तशीच: क्विनोलिनच्या चौथ्या जागेवर NH, मग पाच कार्बनांची फांदी असलेली साखळी आणि टोकाला दोन इथिल गट असलेला नायट्रोजन.

पण ‘क्विनोलिन’ हे नाव सातातून आलेलं नाही. पिरिडिनची एक रिंग आणि तिला एका बंधाने जोडलेली पायरोलची दुसरी, असं धरलं तरी पाच दुहेरी बंध, दोन रिंगा आणि तसेच नऊ कार्बन. पायरोलमधल्या नायट्रोजनचा दुहेरी बंधात वाटा नसतो, म्हणून जोडीच्या हिशेबातही काही फरक पडत नाही. दोन रिंगा एकमेकींना चिकटलेल्या आहेत की सुट्या, हे प्रोटॉन एनएमआर सांगतो. ॲरोमॅटिक भागात पाचच प्रोटॉन, त्यातल्या दोघांची सुमारे ५ हर्ट्झच्या अंतराची जोडी पिरिडिनच्या बाजूची, आणि उरलेले तिघे क्लोरीन असलेल्या बाजूचे. क्लोरीन सातव्या जागेवर आहे की सहाव्या, यावर डीबीई तोंड उघडत नाही.

आता फसगत कुठे होते ते सांगते, कारण प्रॅक्टिकलला हेच घडतं. बाटलीवर बहुधा शुद्ध क्लोरोक्वीन नसतं, फॉस्फेट क्षार असतो: C₁₈H₃₂ClN₃O₈P₂. फॉस्फरस नायट्रोजनसारखा तीन संयुजांचा धरून गणित केलं तर ३६ + २ + ३ + २ − ३२ − १ = १०, म्हणजे ५. फॉस्फरस विसरलात तर ४. पण एकट्या क्विनोलिनलाच सात लागतात! सूत्र चुकलेलं नाही. ते धरून चालतं की सगळे अणू एकाच रेणूत आहेत, म्हणून टोकांसाठीचे ‘+२’ एकदाच देतं. इथे क्लोरोक्वीन एक आणि फॉस्फोरिक आम्ल दोन, असे तीन वेगळे रेणू आहेत. दोन वेळचे ‘+२’ मिळाले नाहीत, भागाकारानंतर दोन कमी पडले. स्पेक्ट्रमला लागणाऱ्या असंतृप्ततेपेक्षा गणिताचा आकडा कमी आला, की आधी क्षार किंवा हायड्रेटचा संशय घ्या. आम्ल बाजूला काढून गणित करा, सात परत मिळतात.

अर्धा आकडा आला तर दोन शक्यता. स्थिर उदासीन रेणूचं सूत्र म्हणून लिहिलं असेल, तर कुठेतरी हायड्रोजन चुकलाय. अशा रेणूत H, X आणि N यांची बेरीज सम यावीच लागते; इथे २६ + १ + ३ = ३०, ठीक आहे. पण मास स्पेक्ट्रममध्ये ३२० वर दिसणारा आयन C₁₈H₂₇ClN₃⁺ आहे. शेजारी ३२२ वर त्याच्या सुमारे एक तृतीयांश उंचीचा क्लोरीनचा जोडीदार दिसतो. या आयनाचं गणित ६.५ येतं, आणि तिथे ते अगदी बरोबर आहे: रेणूला एक प्रोटॉन चिकटलाय. तो प्रोटॉन काढा, अर्धा मिळवा, ७.