आठ तुकड्यांतली चिंगी

चार वर्षांच्या भाचीसाठी एक गोष्ट सांगून ती छोट्या छोट्या ध्वनिफितींत पाठवायची, असे मी ठरवले तेव्हा हे काम दोन संध्याकाळींत उरकेल अशी माझी समजूत होती. गोष्ट माझीच होती आणि तशी साधी होती. चिंगी नावाच्या उंदराच्या पिल्लाला रात्री झोप लागत नाही, कारण कुठून तरी ‘टप’ असा आवाज येत राहतो. ती बाहेर पडते, बेडकाला विचारते, घुबडाला विचारते आणि शेवटी तिला कळते की पाऊस थांबल्यावर झाडाच्या पानावरून एका रिकाम्या डब्यावर थेंब पडत आहेत. गोष्टीचे आठ तुकडे केले, प्रत्येक तुकडा साधारण २५ सेकंदांचा धरला आणि लिहायला बसले. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले आणि त्यातला बराचसा वेळ शब्द आणि आवाज यांची जागा ठरवण्यात गेला.

पहिली चूक शब्दांच्या बाबतीत झाली. सोपे शब्द म्हणजे जोडाक्षर नसलेले शब्द, असे पहिलीच्या पुस्तकामुळे डोक्यात बसलेले असते. त्यामुळे मी ‘म्हणाली’ काढून ‘बोलली’ घातले आणि ‘रात्र’ टाळण्यासाठी बरीच कसरत केली. नंतर लक्षात आले की हे मूल गोष्ट वाचणार नाही, ऐकणार आहे. ‘गोष्ट’, ‘रात्र’, ‘म्हणाली’ हे शब्द ते दिवसभर ऐकत असते, त्यामुळे त्यांचा त्याला काही त्रास नाही. त्रास होतो तो कधीही न ऐकलेल्या शब्दांचा, आणि त्याहून अधिक वाक्यांच्या घडणीचा. लिहिताना आपण ‘उठून’, ‘पाहून’, ‘बाहेर येऊन’ अशी धातुसाधितांची माळ सहज ओवतो. त्या माळेत मुख्य क्रियापद शेवटी येते, आणि तोवर कोणी काय केले याचा धागा लहान मुलाच्या हातून सुटलेला असतो. म्हणून मी एक नियम केला की एका वाक्यात एकच कृती असावी. ‘चिंगी उठली. चिंगी दाराशी आली. बाहेर अंधार होता.’ सगळीच वाक्ये अशी तुटक झाली की गोष्ट यादीसारखी ऐकू येते, हेही पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये जाणवले. त्यावर ‘मग’ आणि ‘आणि’ हे दोनच शब्द पुरेसे ठरले. फक्त ते प्रत्येक वाक्याच्या तोंडी येणार नाहीत एवढे पाहावे लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे लिहिण्याची आणि बोलण्याची मराठी. मी सवयीने ‘तिने पाहिले’, ‘पाणी पडले’ असे लिहून ठेवले होते आणि वाचताना माझा आवाज परिपाठाला उभ्या राहिलेल्या विद्यार्थिनीसारखा येत होता. संहिताच ‘तिनं पाहिलं’, ‘पाणी पडलं’ अशी बोलीप्रमाणे पुन्हा लिहून काढली, तेव्हा सूर आपोआप बदलला. वाचताना मनातल्या मनात रूपांतर करू म्हटले तर पाचांपैकी एक तरी ‘पाहिले’ निसटतेच, आणि ते एकच कानाला खटकते.

खरी मेहनत मात्र आवाजाच्या खुणांची होती. संहितेत जिथे आवाज हवा तिथे मी चौकटी कंसात त्याचे नाव लिहीत होते. चौथ्या तुकड्याचा पहिला खर्डा असा होता: ‘चिंगीचे बोलणे ऐकून बेडूक खदखदून हसला आणि पाय ताणून, क्षणभर थांबून [डुबुक] त्याने तळ्यात सूर मारला.’ यात दोन घोटाळे आहेत. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे मध्येच वाजलेला ‘डुबुक’ कशाचा आहे हे मुलाला कळायच्या आतच तो संपतो. आणि ‘सूर मारला’ कानावर पडते तेव्हा आवाज होऊन गेलेला असतो. शिवाय हसण्याला कसलाच आवाज नाही, म्हणजे मुलाच्या दृष्टीने बेडूक हसलाच नाही. बऱ्याच खाडाखोडीनंतर तो तुकडा असा झाला:

बेडूक हसला. [डराव डराव, २ सेकंद]
‘मी टप करत नाही. मी डराव करतो.’
बेडूक उठला. त्यानं पाय ताणले. आणि... उडी मारली!
[डुबुक, मग हलणारे पाणी, ३ सेकंद, हळूहळू कमी]
चिंगी भिजली.
[टप, मग २ सेकंद रिकामे]

आवाज नेहमी पूर्ण वाक्यानंतर यावा, हे यातून ठरले. याला एकच अपवाद ठेवला आणि तो ‘टप’चा. तो आवाज म्हणजेच गोष्टीतले कोडे असल्यामुळे तो आधी वाजतो आणि चिंगी नंतर दचकते. पहिल्या तुकड्यात आवाज वाजल्यावर मी स्वतः ‘टप’ असे म्हणते, म्हणजे मुलाला त्या आवाजाचे नाव मिळते. त्यानंतर मी तो शब्द निवेदनात कुठेही उच्चारत नाही. थेंबाचा खरा आवाज आणि लगेच माझा ‘टप’ असे दोन्ही प्रत्येक वेळी आले, तर दोन वेगवेगळे आवाज झाल्यासारखे वाटते आणि त्यातला माझा अगदीच फिका पडतो. त्याऐवजी आवाजानंतर जागा रिकामी ठेवली. आधी ती एका सेकंदाची होती. भाची ‘टप’ म्हणायला तोंड उघडायची तोच माझे पुढचे वाक्य सुरू व्हायचे, आणि ती चिडून फोनकडे बघायची. दोन सेकंद केल्यावर तिचा ‘टप’ त्यात नीट बसू लागला.

ही रिकामी जागा भरायची कशाने, हा प्रश्न मला हेडफोन लावेपर्यंत पडलाच नव्हता. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्या भागात मी कोरी शांतता घातली होती. पण खोलीत रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या मागे नेहमी एक बारीक गुणगुण असते, आणि ती अचानक तुटली की वाक्य संपल्यावर खड्डा पडल्यासारखे वाटते. मग त्याच खोलीत, माइक त्याच जागी ठेवून, अर्धा मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड केले आणि सगळ्या रिकाम्या जागांत त्या ‘खोलीच्या शांततेचे’ तुकडे जोडले. जोडाच्या ठिकाणी बारीक ‘टक्’ येत होता. दोन्ही कडांचा आवाज काही मिलिसेकंदांत चढता-उतरता केल्यावर तो गेला. बोलताना खुणेपाशी मुद्दाम पूर्ण थांबायचे आणि तिथे Ctrl+M दाबून लेबल टाकायचे, ही सवय मात्र उशिरा लागली. आधी मी कंसातला शब्द डोळ्यांसमोर आला की अडखळत असे आणि मागच्या वाक्याचा शेवट चढा राहत असे, जणू पुढे अजून काही म्हणायचे आहे.

सहाव्या तुकड्यात आभाळ गडगडते. त्यासाठी मिळवलेला आवाज हेडफोनमध्ये छातीत घुमणारा, फार देखणा वाटत होता. फोनवर लावला तेव्हा ‘आभाळ गडगडलं’ या वाक्यानंतर तीन सेकंद काहीच ऐकू आले नाही. मी पुढची ओळ विसरले असावे असे वाटले. फोनच्या इवल्या स्पीकरमधून अगदी खर्जातले आवाज जवळजवळ येतच नाहीत, आणि माझ्या गडगडाटात त्यांच्याखेरीज फारसे काही नव्हते. शेवटी सुरुवातीला कडाडणारा भाग असलेला आवाज घेतला. तो एकदम सुरू झाल्यावर लहान मूल दचकेल, म्हणून त्याचा आरंभ अर्ध्या सेकंदात हळूहळू चढवला. तेव्हापासून प्रत्येक तुकडा आधी फोनच्या स्पीकरवर ऐकते आणि मगच हेडफोनवर. आवाज आणि माझे बोलणे एकाच वेळी चालू असेल तिथे आवाज बोलण्याच्या साधारण १५ डेसिबल खाली ठेवते. त्याहून वर गेला की आधी शब्दांची शेवटची अक्षरे बुडतात, आणि मराठीत नेमके क्रियापद तिथेच असते.

गोष्ट तुकड्यांत असल्यामुळे आणखी एक अडचण आली. पाचवा तुकडा मी ‘मग ती पुढे गेली’ असा सुरू केला होता. सलग ऐकताना त्यात काही वावगे नाही, पण मुले आवडलेला एकच तुकडा दहा वेळा लावतात, आणि तेव्हा ‘ती’ कोण हे त्या तुकड्यात कुठेच नसते. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या वाक्यात चिंगीचे नाव आणले. रातकिड्यांचा आवाज मी सुरुवातीला आठही तुकड्यांखाली पसरला होता. प्रत्येक तुकडा संपताना ते कापल्यासारखे गप्प होत आणि पुढच्यात धाडकन सुरू होत. आता ते पहिल्या वाक्यानंतर हळूच येतात आणि शेवटच्या वाक्याआधी विरून जातात. तुकडे जोडून एक सलग फाइलही करायची होती, म्हणून शेवटपर्यंत सगळे `wav` मध्येच ठेवले, कारण `mp3` करताना फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते आणि जोडल्यावर प्रत्येक सांध्यावर अडखळल्यासारखे होते.

घुबडाच्या तुकड्यात ‘कोण आहे?’ या प्रश्नानंतर माझी खुर्ची किंचित करकरली होती. मला ते रेकॉर्डिंग इतके आवडले होते की ती करकर मी तशीच राहू दिली. भाचीने मात्र दर वेळी तिथे फोन थांबवून ‘हा कोण आला?’ असे विचारले. प्रत्येक आवाजाला काही तरी अर्थ असतो, हे आम्हीच चार तुकड्यांत तिला शिकवले होते. मग खुर्ची तेवढी निरर्थक कशी असेल? तो तुकडा जमिनीवर बसून पुन्हा केला.

आठव्या तुकड्यात चिंगी डब्यावर गवत टाकते आणि आवाज थांबतो. ‘चिंगी झोपली,’ असे म्हटल्यावर मी खोलीची शांतता दोन सेकंद ठेवली होती, कारण नेहमीच्या जागी ‘टप’ न येणे हाच गोष्टीचा शेवट होता. सात तुकड्यांच्या सवयीने भाचीने ती जागा स्वतःच ‘टप’ म्हणून भरून काढली आणि चिंगी पुन्हा जागी होईल म्हणून काळजीत पडली. त्यामुळे त्या दोन सेकंदांत आता फक्त इवल्या श्वासाचा आवाज आहे, माझाच, माइक नेहमीपेक्षा दूर ठेवून घेतलेला.