बारा आकडे, एक रक्कम आणि एक शब्द

आमच्या सोसायटीत मेंटेनन्स आता जवळपास सगळेच यूपीआयने भरतात आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात. मी खजिनदार झाले तेव्हा पद्धत अशी होती : मॅनेजरकाका स्क्रीनशॉट बघून वहीत नोंद करायचे, त्या वहीवरून हिशेबनीस एक्सेलमध्ये टाइप करायचा आणि तिमाही संपली की ते बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवायचं. म्हणजे एकच नंबर दोन हातांतून जायचा. २०२५ च्या एप्रिल ते जून तिमाहीचा हिशेब जुळवताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे पैसे काही सापडेनात. थकबाकीची नोटीस निघायच्या बेतात होती आणि काकू ठामपणे सांगत होत्या, "अगं, मुलाने भरलेत, फोटोही पाठवलाय."

स्क्रीनशॉट खरोखरच होता. रक्कम २,६८०, तारीख १८ जून, खाली Completed. पण आमच्याकडे बहुतेक फ्लॅटची रक्कम तेवढीच, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये २,६८० च्या ओळी ढिगाने होत्या. नावावरून शोधावं, तर पैसे मुलाच्या खात्यातून आलेले, आणि त्याचं नाव आमच्या सभासदांच्या यादीत नाही. अशा वेळी ओळख पटवायला उरतो फक्त यूटीआर, म्हणजे बारा आकडी संदर्भ क्रमांक. एक्सेलमध्ये तो असा होता :

```
516980668397
```

हा नंबर स्टेटमेंटमध्ये कुठेच नव्हता. शेवटचे चार आकडे टाकून शोधलं, तरी नाही. मग मधले 0668 टाकले, तेव्हा एकच ओळ आली, तीही १८ जूनची आणि २,६८० ची :

```
UPI/CR/516980668317
```

फरक एकाच आकड्याचा, शेवटून दुसऱ्या. मी वही मागवली. काकांचा हात देवनागरीचा. स्क्रीनवरचे इंग्रजी आकडे उतरवताना मध्येच एखादा मराठी आकडा उतरतो. पहिला 1 त्यांनी सरळ काठीसारखा काढला होता आणि दुसऱ्याला वर गाठ आली होती, म्हणजे तो १ झाला होता. हिशेबनिसाने तो 9 वाचला. इंग्रजी आकड्यांच्या रांगेत एकटा १ आला की तो 9 च दिसणार, त्यात त्याचा काय दोष! असाच घोटाळा ४ आणि 8 चा होतो, आणि घाईत काढलेल्या ५ आणि 4 चाही. अख्खा नंबर एकाच लिपीत असेल तर वाचणारा चुकत नाही. सरमिसळ झाली की चुकतो.

तरीही एक ओळ मिळतीजुळती सापडली म्हणून मी लगेच खूण केली नाही. ग्रुपवरचा फोटो मोठा करून पाहिला, तर कडा पसरट झालेल्या. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यात 6, 8 आणि 3 सगळ्यात आधी एकमेकांसारखे दिसू लागतात. म्हणून काकूंना म्हटलं, "फोटो नको, मुलाला म्हणावं अ‍ॅपमधला तो नंबर कॉपी करून मजकूर म्हणून पाठव." बहुतेक अ‍ॅपमध्ये नंबरावर बोट दाबून धरलं किंवा बाजूच्या खुणेवर टॅप केलं की तो कॉपी होतो. तसा आलेला नंबर कोणी वाचत नाही आणि कोणी लिहीत नाही, म्हणून चुकायला जागाच राहत नाही.

काकूंनी आधी तो फोनवरच सांगायला घेतला होता : "त्र्याऐंशी सतरा." मी त्यांना थांबवलं. त्र्याऐंशी ऐकताना कानावर तीन आधी येतो आणि आठ नंतर, त्यामुळे हात पटकन 38 लिहून मोकळा होतो. म्हणून आता फोनवर आम्ही एकेक आकडा सांगतो, चार-चारच्या गटात : पाच एक सहा नऊ, आठ शून्य सहा सहा, आठ तीन एक सात. लिहिणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा.

मुलाने पाठवलेला नंबर स्टेटमेंटशी बाराच्या बारा आकडे जुळला. आणखी एक पडताळा मी हल्ली सवयीने घेते. यूटीआरचा पहिला आकडा बऱ्याचदा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे त्या वर्षातला कितवा दिवस. 5169 म्हणजे २०२५ चा १६९ वा दिवस, आणि तो येतो १८ जूनलाच. सगळ्याच नंबरांत हे असतं असं धरून चालत नाही, पण सुरुवातीचे आकडे तारखेशी अजिबात जुळत नसतील तर मी फोटो पुन्हा उघडते.

काही जण भलताच नंबर पाठवतात, कारण स्क्रीनवर अ‍ॅपचा स्वतःचा व्यवहार क्रमांकही असतो. फोनपेमध्ये तो T ने सुरू होतो, गुगल पेमध्ये त्यात इंग्रजी अक्षरं असतात. तो बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शोधून उपयोग नाही. शिवाय अक्षरं आली की O आणि 0, I आणि l हा वेगळाच ताप. यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा आकड्यांचा, सगळे आकडेच. नंबरात एकही अक्षर दिसलं की मी दुसरा मागते.

एक्सेलमध्येही एक पथ्य लागतं. साध्या रकान्यात बारा आकडे टाकले की ते 5.16981E+11 असे दिसतात, आणि नंबर शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य गळून पडतं. आम्ही तो रकाना आधीच Text करून ठेवलाय, मग नंबर चिकटवतो.

आता शब्दाचं. त्याच महिन्यात एका सभासदाने रात्री उशिरा पैसे पाठवले. स्क्रीनशॉटवर रक्कम होती, नंबर होता, पण शब्द होता Processing. वहीत मात्र "भरले" अशी नोंद. त्यांच्या खात्यातून पैसे कापले गेले होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ते भरलेलेच होते. आमच्या खात्यात काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच व्यवहार Failed झाला आणि रक्कम त्यांच्या खात्यात परत जमा झाली, मग त्यांनी नव्याने भरले आणि नंबरही नवा आला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून खात्यात पाठवलेली यूपीआय रक्कम पोहोचली नाही, तर ती फार तर पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, आणि त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. तक्रार करताना बँक पहिल्यांदा हाच बारा आकडी नंबर विचारते, म्हणून अडकलेल्या व्यवहाराचा नंबरही मी खोडू देत नाही.

आता वहीतला "भरले" हा शब्द गेला. स्क्रीनवर जो शब्द असेल तोच जसाच्या तसा लिहायचा, Processing तर Processing, आणि पुढे स्क्रीनशॉटवरची वेळ. शेजारी दुसरा रकाना आहे, "स्टेटमेंटला आले", आणि तो फक्त मी भरते. Completed दिसणारा फोटो कोणी बनवूही शकतं, त्यामुळे पावती फुटते ती या दुसऱ्या रकान्यावरूनच. काकूंची नोटीस रद्द झाली आणि पावतीवर आम्ही यूटीआर चार-चारच्या गटात छापला.