आमची वाटचाल : ‘उत्पादक व पुरवठादार’ या दोन शब्दांनी शिकवलेलं

२००९ साली कुपवाड एमआयडीसीत एका भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथवर आम्ही सुरुवात केली. तेव्हा फक्त जॉबवर्क होतं. गिऱ्हाईक कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेला कच्चा भाग, आणून टाकायचं, आम्ही टर्निंग-बोअरिंग करून परत द्यायचो. पुढे साखर कारखान्यांच्या रस-पंपांचे इम्पेलर, म्हणजे पंपात फिरणारी पात्यांची चाकं, आणि शाफ्ट स्वतःच्या नावावर बनवून विकायला लागलो. हंगाम संपला की कारखान्यांत ओव्हरहॉलिंग सुरू होतं आणि दसऱ्यापर्यंत सगळं बसवून व्हावं लागतं. आमचं वर्ष त्या चार-पाच महिन्यांवर उभं असतं.

२०२२च्या ओव्हरहॉलिंगला एका कारखान्याची ६० स्टेनलेस इम्पेलरची ऑर्डर आली. आमची नेहमीची ओतकामाची फौंड्री कामाने भरलेली होती, म्हणून गुजरातेतल्या एका नव्या पार्टीला कास्टिंगचं काम दिलं. त्यांच्या लेटरहेडवर ‘उत्पादक, पुरवठादार, निर्यातदार व सेवा पुरवठादार’ असं सगळं एका ओळीत होतं. मी पहिला शब्द वाचला आणि निर्धास्त झालो. माल वेळेत आला, वरून चकचकीत होता. पहिल्या इम्पेलरचं तोंड लेथवर दोन मिलिमीटर छिललं आणि आत वाटाण्याएवढं भोक उघडं पडलं. ६० पैकी १८ नग तसेच निघाले, वायू अडकून पोकळ झालेले.

मी फोन लावला. समोरचे अगदी नम्रपणे म्हणाले, “साहेब, कंपनीला विचारून सांगतो.”

कंपनीला? मग तुम्ही कोण? त्या एका वाक्याने माझ्या लक्षात आलं की माझा माल ज्याने ओतला त्याच्याशी मी कधी बोललोच नव्हतो. बदली नग यायला सात आठवडे गेले. कारखान्याचे पर्चेस ऑफिसर मला रोज सकाळी फोन करत होते, आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. फौंड्रीवाला असता तर भट्टी पुन्हा कधी लागणार एवढं तरी त्याने सांगितलं असतं.

त्या सात आठवड्यांत मी जुने कागद काढून बसलो. सगळं समोरच होतं, मी पाहिलं नव्हतं एवढंच. मालाबरोबर आलेल्या ई-वे बिलावर बिल करणाऱ्याचा पत्ता एका शहरातला आणि ‘Dispatch From’चा पिनकोड दुसऱ्या गावचा. ज्याचं बिल, त्याच्या दारातून माल निघालाच नव्हता. मग gst.gov.in वर ‘Search Taxpayer’मध्ये त्यांचा जीएसटी नंबर टाकला. तिथे ‘Nature of Core Business Activity’ म्हणून एक ओळ येते. त्यात उत्पादक, व्यापारी की सेवा देणारा हे धंद्याच्या मालकाने स्वतः नोंदवलेलं असतं. यांच्यापुढे व्यापारी, घाऊक असं होतं. खालच्या कामांच्या यादीत कारखान्याचा उल्लेख नव्हता. लेटरहेड काहीही सांगो, सरकारकडे त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

हे सांगताना एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. व्यापारी म्हणजे फसवणारा नव्हे. मला पाच नग हवे असतील तर फौंड्री त्यासाठी भट्टी लावणार नाही, व्यापारीच देईल, आणि त्याचे चार पैसे त्याला मिळायलाच हवेत. डिस्ट्रिब्यूटरचं वेगळं. त्याच्याकडे एका कंपनीचं पत्र असतं, त्यात कुठल्या भागात विकायचं आणि कुठल्या तारखेपर्यंत हे लिहिलेलं असतं. माल कंपनीचा, पण वॉरंटीचा दावा पुढे नेण्याची वाट त्याच्याकडून जाते. व्यापारी आज इकडून घेतो, उद्या तिकडून. म्हणून आम्ही बेअरिंग घेताना डिस्ट्रिब्यूटरचं चालू पत्र मागतो. माझं भांडण फक्त एवढंच की कोण काय आहे ते आधी कळलं असतं, तर मी ६० नगांची हंगामाची ऑर्डर तिथे दिली नसती.

पोर्टलवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. एकाच नोंदणीत माणूस तीन वस्तू बनवतो आणि तीस वस्तू विकतो. त्याची ‘उत्पादक’ ही नोंद खरी असते, पण मला हवी ती वस्तू त्या तिसांतली असू शकते. बिलावरच्या एचएसएन कोडचाही उपयोग नाही, कारण तो वस्तूचा असतो आणि बनवणारा व विकणारा दोघांच्याही बिलावर तोच येतो. ई-वे बिलसुद्धा, माल आधी व्यापाऱ्याच्या गोडाऊनला उतरला असेल तर, एकच पत्ता दाखवतं. म्हणून आता मी ‘तुम्ही उत्पादक आहात का’ हे विचारणंच सोडून दिलंय. त्यावर हो म्हणायला काहीच लागत नाही.

मी कास्टिंगवाल्याला पॅटर्नचं विचारतो. “आकुंचनाला किती धरता?” वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून साचा त्या मानाने मोठा करावा लागतो. बिडाला साधारण एक टक्का आणि स्टीलला दोनच्या आसपास. भट्टीजवळ उभा राहणारा माणूस हे क्षणात सांगतो, वर ‘ड्रॉइंग पाठवा, भिंत जाड असेल तर बघावं लागेल’ असंही म्हणतो. ऑफिसातल्या मार्केटिंगवाल्याला आलं नाही तर लगेच निष्कर्ष काढत नाही, शॉपवरच्या माणसाला फोन द्या म्हणतो. तो माणूस फोनवर येतो की नाही, यावरूनच बरंच कळतं. दुसरं, हीट नंबर मागतो. एका वेळी भट्टीत वितळवलेल्या धातूला एक नंबर, तोच कास्टिंगवर आणि तोच टेस्ट सर्टिफिकेटवर. सर्टिफिकेटवरचं नाव बिलावरच्या नावापेक्षा वेगळं निघालं, की बनवणारा कोण ते कागदच सांगतो. फार शंका असली तर वीजबिल दाखवा म्हणतो. महावितरणच्या बिलावर दर औद्योगिक आहे की वाणिज्यिक, आणि मंजूर भार किती, हे असतं. पाच किलोवॅटवर स्टेनलेस वितळत नाही.

हे सगळं शिकल्यावर आमच्याच माहितीपत्रकाकडे पाहिलं. त्यावर ‘सर्व प्रकारची इंजिनिअरिंग कामे’ असं छापलेलं होतं. गिऱ्हाइकाला त्यातून काय कळणार? नीट लिहायला बसलो तेव्हा आमचं स्वतःचंच कोडं निघालं. गिऱ्हाइकाच्या कास्टिंगवर जॉबवर्क करतो ते जीएसटीत सेवा आहे, बिलावर ९९८८ हा सेवा कोड. तेच मशिनिंग उद्यम नोंदणीत एनआयसी या उद्योग-वर्गीकरणाच्या २५९२ कोडखाली, म्हणजे उत्पादनात मोडतं. एकाच लेथवरचं एकच काम, एका कागदावर सेवा आणि दुसऱ्यावर उत्पादन! त्यामुळे जॉबवर्क करणारा ‘आम्ही मॅन्युफॅक्चरर’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतोच असं नाही. मटेरियल कोणाचं, एवढं विचारलं की उलगडा होतो.

शेवटी आम्ही प्रत्येक कामापुढे आमचा वाटा लिहिला. इम्पेलर आणि शाफ्ट आम्ही बनवतो, कास्टिंग बाहेरच्या फौंड्रीतून घेतो, मशिनिंग आणि बॅलन्सिंग आमच्याकडे. गिऱ्हाइकाच्या मटेरियलवर जॉबवर्क करतो. बेअरिंग आणि सील आम्ही बनवत नाही, आणून देतो. माझ्या धाकट्या भावाला ‘कास्टिंग बाहेरून’ हे लिहिणं पटत नव्हतं. “दादा, लोक म्हणतील यांच्याकडे काहीच नाही,” असं तो म्हणाला. तरीही ती ओळ मी ठेवली.

गेल्या ओव्हरहॉलिंगला वाळवा तालुक्यातून एका कारखान्याचे साहेब आले. पत्रक वाचून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “कास्टिंग बाहेरचं, तर खराब निघालं तर बदलून कोण देणार?” मी म्हटलं, “आम्ही देणार. तुमच्या हातात बिल आमचं आहे, फौंड्रीशी आम्ही बघतो.” मग रॅकवरचा एक इम्पेलर काढून त्यांना त्याच्या मागच्या बाजूचा हीट नंबर दाखवला आणि फाइलमधलं सर्टिफिकेट शेजारी ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि मग ड्रॉइंग बाहेर काढलं.