मंगळवार, डावी नडगी

आज ट्रॅकवर जायचं होतं. आठशे मीटरचे सहा. पहाटे जिना उतरताना कठडा धरावा लागला, पण त्याचं काही वाटलं नाही. रविवारी सिंहगडचा घाट चढून पळतच उतरले, मांड्या आंबणारच. उतारावर मांडीचा स्नायू लांबत असतानाच अंगाचा भार अडवत असतो. त्यात त्याला बारीक इजा होते, आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येतं. (लोक अजून लॅक्टिक ॲसिडवर खापर फोडतात. ते बिचारं पळणं थांबल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं.) दोन्ही मांड्या सारख्याच दुखतात, बोट ठेवून ‘इथे’ असं दाखवता येत नाही, घरात चार फेऱ्या मारल्या की सैल पडतात. हे दुखणं मला जवळजवळ आवडतं. काहीतरी केल्यासारखं वाटतं.

चहा ठेवताना आई म्हणाल्या, “डावा पाय जपून टाकतेयस गं.”

“रविवारचं आहे ते.”

“मग डावाच का?”

मला कळलंही नव्हतं मी पाय जपतेय ते. तेच लागलंय मनाला. शरीर माझ्या परस्पर निर्णय घेतंय, आणि ते स्वयंपाकघरातून दिसतंय.

खरी अडचण वेगळीच आहे. मला आठशेची भीती वाटते. चौथ्या फेरीनंतर छाती फुटायला येते, म्हणून मंगळवार आला की काही ना काही दुखायला हवंच असतं. मग आजचं दुखणं खरं, की निमित्त? ज्याला सुट्टी हवी आहे त्यानेच स्वतःला तपासायचं, म्हणजे आरोपीच न्यायाधीश. ह्याला विचारलं असतं, पण त्याचं उत्तर मला माहीत आहे. असो.

शेवटी पलंगावर बसून रीतसर बघितलं. अंगठ्याने नडगीची आतली कड घोट्यापासून वर दाबत गेले. उजवीकडे काही नाही. डावीकडे घोट्याच्या चार बोटं वर सुरू झालं आणि वीतभर तरी चालू राहिलं. स्नायूवर नाही, हाडाच्या कडेवर. हे मांडीसारखं आंबणं नव्हेच. पण इतकं पसरलेलं असलं तर बहुतेक वेळा हाडाच्या कडेलगतचा भाग कुरकुरत असतो. रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दाबलं आणि जीव गेला असता, तर हाडात चीर धरतेय अशी शंका घ्यायला हवी होती. मग डाव्या पायावर उड्या मारल्या. दुखणं दहाच्या मापावर दोन-तीन, वाढलं नाही. उजव्यावर शून्य.

क्षणभर वाटलं, चला, वॉर्म-अपमध्ये जाईल. इथेच फसायला होतं. नडगीचं हे दुखणं सुरुवातीला पळताना खरंच दबतं आणि नंतर, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, परत येतं. म्हणजे ‘गरम झाल्यावर थांबतं’ हा मांडीसाठी चांगला पुरावा, नडगीसाठी नाही. डब्यातल्या वेदनाशामक गोळीलाही हात लावला नाही. पायालाच विचारायचं आणि त्याचंच तोंड दाबायचं!

तासभर स्वतःची कीव केली. साताऱ्याची हिल मॅरेथॉन डोक्यावर आलीय, ग्रुपवर सगळ्यांच्या घड्याळांचे फोटो पडतायत आणि मी पलंगावर बसून पाय दाबतेय. माझंच का. रविवारी सगळेच उतरले होते की.

मग आईंचाच प्रश्न पुन्हा घेतला. आठशेची भीती दोन्ही पायांना सारखीच, दुखतोय एकच. निमित्त शोधणारं मन इतकं नेमकं नसतं. त्याने मांड्या पुढे केल्या असत्या, त्या तर तयारच होत्या. आणि आकडा दोन असो की तीन, चाल बदलली की पळायचं नाही, कारण जपलेल्या पायाचा भार दुसरा पाय आणि कंबर उचलते. लंगडणं निमित्तासाठी कुणी करत नाही, निदान बिनसाखरेचा चहा ढवळताना तरी नाही.

तर आठशे रद्द. खालच्या जिममध्ये सायकल, बोलता येईल इतक्या दमाने. मांड्यांना ती बरीच वाटेल आणि नडगीवर आदळआपट नाही. रोज सकाळी तीच कड दाबून बघायची. दुखरी जागा आक्रसत एका बिंदूवर आली, नुसतं चालताना किंवा रात्री ठणकायला लागली, तर सरळ डॉक्टर. आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून नाचायचं नाही, सुरुवातीच्या आठवड्यांत अशी चीर त्यात बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते.

सरांना मेसेज टाकला, चांगला लांबलचक, वीत आणि नाणं सगळं घालून. उत्तर आलं, “ओके. शुक्रवारी बघू.”

एवढंच? मी निदान थोड्या हळहळीची तयारी ठेवली होती.